खटखट, तडतड, घरघर: आवाजाचा शब्द हसू न येता कसा वापरायचा

नुकतंच लिहायला लागलेल्या कुणाला सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यावर चार ओळी लिहायला सांगितल्या तर बहुतेक वेळा असं काहीतरी येतं:

"कारखान्यात पाऊल टाकलं आणि खटखट! खटखट! आवाजाने कान बधिर झाले. माग धडधडत होते, मोटारी घरघर करत होत्या, बाहेर पाऊस रिमझिम पडत होता आणि रस्त्यावर रिक्षांची पों पों चालू होती."

यातला एकही शब्द चुकीचा नाही, मागाला खटखट सगळेच म्हणतात, मोटारीला घरघर सगळेच म्हणतात. तरी वाचताना बालवाडीच्या पुस्तकात शिरल्यासारखं वाटतं, कारण हे शब्द लेखकाने ऐकून लिहिलेले नाहीयेत, 'माग' म्हटलं की जो शब्द आधी जिभेवर आला तो लिहिलाय. आणि असे पाच शब्द एका रांगेत बसले की त्यांचा ताल बडबडगीताचा होतो, मग कितीही गंभीर प्रसंग असू दे वाचणाऱ्याच्या ओठांवर हसू येतंच.

हाच पॅराग्राफ घेऊन आपण शेवटपर्यंत जाऊया. माग मुद्दाम घेतलाय, कारण त्याचा आवाज सोलापुरात वाढलेल्या माणसाला इतका ओळखीचा असतो की तो नीट ऐकायचं राहूनच जातं. पाऊस आणि ट्रॅफिक मधे मधे येतील.

आधी शब्द शोधू नका, काय कशावर आपटतंय ते लिहा

ओळखीच्या कुणाच्या कारखान्यात जा आणि एकाच मागापाशी पाच मिनिटं उभे राहा. वहीत एकही आवाजाचा शब्द लिहायचा नाही, फक्त काय घडतंय ते साध्या भाषेत लिहायचं. साध्या शटलच्या मागावर जे घडतं ते साधारण असं: ताण्याचे धागे वर-खाली होऊन मधे वाट उघडते, एका बाजूचा दांडा धोट्याला, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या शटलला, मारतो, धोटा त्या वाटेतून पळत जाऊन समोरच्या पेटीत अडतो आणि मग फणी पुढं येऊन बाण्याचा धागा कापडाला ठोकून बसवते. पुढच्या खेपेला धोटा उलट बाजूने येतो. असे मिनिटाला शंभराच्या वर फेरे होतात, म्हणजे एका सेकंदात जवळजवळ दोन.

आता बघा, आपण ज्याला डोळे झाकून 'खटखट' म्हणतो त्याच्या पोटात तीन वेगवेगळे मार आहेत. दांड्याचा मार, धोटा पेटीत अडल्याचा मार आणि फणीचा ठोका. तिन्ही अर्ध्या सेकंदात होतात म्हणून कानाला एक वाटतात. त्याच्या खाली मोटार आणि पट्टा आहे, तो आवाज न तुटता चालू असतो. आणि शेडमध्ये असे वीस-तीस माग असले तर कुणाचाच ठोका कुणाशी जुळत नाही, त्यामुळं दारात उभं राहिलं की ठोके ऐकूच येत नाहीत, सगळ्यांचा मिळून एक जाड आवाज येतो. जवळ गेलं की एक माग त्यातून सुटा होतो. एवढं नुसतं कळलं तरी 'पाऊल टाकलं आणि खटखट' ही ओळ खरी नाही हे कळतं, दारात खटखट ऐकू येतच नाही.

कानाने तीन मार वेगळे करता येत नसतील तर मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि घरी अर्ध्या स्पीडला लावून ऐका. फक्त मोबाईल मागाच्या जवळ धरू नका, आवाज इतका मोठा असतो की माईकला तो झेपत नाही, रेकॉर्डिंग फाटतं आणि सगळं सपाट खर्र ऐकू येतं. शर्टाच्या खिशात ठेवून दोन-चार पावलं लांब उभं राहिलं तर ठोके वेगळे राहतात.

टॉवेलच्या मागावर अजून एक गंमत आहे. टॉवेलची लूप तयार व्हावी म्हणून फणी सहसा दोन धागे अलीकडेच सोडते आणि तिसऱ्या धाग्याला पूर्ण पुढं येऊन तिन्ही धागे एकदम ठोकते. म्हणजे चादरीचा माग आणि टॉवेलचा माग यांची चालच वेगळी आहे, आणि तुमच्या कथेतला माणूस टॉवेल विणत असेल तर त्याच्या मागाला दोन-दोनच्या तालातला 'खटखट' लावण्याआधी तिथं उभं राहून तिसरा ठोका वेगळा लागतो का ते ऐकून घ्या.

या कामात जॉबर लोकांशी बोलावं. माग दुरुस्त करणारा जॉबर चहा पीत बसलेला असतो आणि मधेच कप ठेवून उठतो. विचारलं तर म्हणतो, "आवाज बदलला की कळतंय की ओ, बघायला कशाला लागतंय." काय बदललं असं खोदून विचारलं की तो कधीच 'खटखटचं खडखड झालं' असं सांगत नाही, तो सांगतो की धोटा पेटीत नीट बसत नाही, मार ढिला पडतोय. त्याच्या बोलण्यात आवाजाऐवजी कारण असतं, आणि आपल्यालाही सुरुवात तिथूनच करायची आहे.

मग तीन प्रश्न

कारण लिहून झालं की प्रत्येक आवाजाला तीन प्रश्न विचारायचे. कशावर कशाचा मार आहे? मार बसल्यावर आवाज लगेच मरतो की घुमत राहतो? आणि एकेक ठोका मोजता येतो की सगळं एकात मिसळलंय?

उत्तरं मिळाली की मराठीची अक्षरंच पुढचं सांगतात. ट आणि ठ कडक, कोरड्या वस्तूंचे: लाकूड, दार, टाच. तिथं ड आला की वस्तू जड होते किंवा सैल होते, खट आणि खड यात एवढाच फरक आहे पण खट म्हणजे कडी नीट बसली आणि खड म्हणजे काहीतरी ढिलं आहे. प म्हटलं की ओठ मिटतात, आवाज पसरतो आणि संपतो, म्हणून टप, थप, धप. ण आला की धातू घुमतो: टण, ठण, खण. र आला की आवाज थांबत नाही, घरघर, सरसर, भर्र. ळ बहुतेक पाण्याचा, खळखळ, झुळझुळ. स म्हणजे हवा. आणि साध्या अक्षराच्या जागी महाप्राण आला की वजन वाढतं, टप पेक्षा थप मोठा, दणदण पेक्षा धडधड फुगलेला. हे काही व्याकरणाचे कायदे नाहीत, अपवाद सापडतील, पण दोन शब्दांत अडकला असाल तर यावरून निवड होते.

पावसावर लावून बघू. 'रिमझिम' आपल्याकडच्या पावसाला फार कमी वेळा लागू होतो. सोलापुरात वळीव येतो तो वारं, धूळ आणि टपोरे थेंब घेऊन, अर्धा तास झोडपतो आणि जातो. त्याचे पहिले थेंब तापलेल्या पत्र्यावर पडतात तेव्हा टपटप होत नाही, पत्रा घुमतो, म्हणून टण हा शब्द जास्त जवळचा आहे. तेच थेंब अंगणातल्या फुफाट्यात पडले तर आवाज धुळीतच दबतो, तिथं थप. आणि घर जुनं माळवदाचं असेल तर छपरावर ऐकू येण्यासारखं जवळजवळ काहीच नाही, मातीचा जाड थर सगळं पिऊन टाकतो, पाऊस आलाय हे कळतं ते पन्हळीतून अंगणात धार पडायला लागली की. म्हणजे माळवदाच्या घरात बसलेल्या पात्राला 'छपरावर तडतड' ऐकू आली असं लिहिलं की गावाकडचा वाचक तिथंच अडकतो. आवाज पन्हळीचा लिहा, तोही दोन मिनिटं उशिरा.

रूप निवडणं हे निम्म्याहून जास्त काम आहे

नवीन लोक मूळ शब्दावर खूप वेळ घालवतात, खट घ्यायचा की ठक, आणि रूपाकडे बघतच नाहीत, जे मिळेल ते दोनदा म्हणून मोकळे होतात. मराठीत एकाच मुळाची पाच-सहा रूपं आहेत आणि प्रत्येक रूप वेगळा वेळ सांगतं. 'खट' घेऊ.

नुसता 'खट' म्हणजे एक ठोका, कोरडा, काही भावना नाही. 'खटकन' म्हणजे एकच ठोका पण अचानक, वाचणारा दचकावा असं वाटत असेल तेव्हाच. 'खटखट' म्हणजे चालू असलेला, सवयीचा, सारख्या अंतराने येणारा. 'खटाखट' आला की वेग आणि झपाटा आला, कुणीतरी काम उरकतंय. 'खटखटाट' म्हणजे आता ठोके मोजायचे नाहीत, सगळा गोंगाट एक वस्तू म्हणून समोर ठेवलाय आणि बहुतेक वेळा त्याचा त्रासही होतोय. आणि क्रियापद केलं, 'खटखटत होता', की आवाज मागे जातो आणि वस्तू काम करायला लागते.

आता एक वाक्य चार रूपांत म्हणून बघा. 'माग खटखट करत होता' हे शाळेतलं. 'माग खटाखट चालत होता' यात मालकाचा आनंद आहे, ऑर्डर आलीय. 'मागाचा खटखटाट' म्हटलं की शेजारी राहणाऱ्या, रात्री झोप न येणाऱ्या माणसाचा कान आला. 'माग खटकन थांबला' म्हणजे धागा तुटला किंवा काही अडकलं. मूळ एकच, माणसं चार. म्हणून रूप निवडताना आधी ठरवायचं की हा आवाज कोण ऐकतंय आणि तो त्याला किती दिवसांपासून ऐकू येतोय. ज्याने वीस वर्षं मागावर काढली त्याला खटखटाट ऐकू येत नाही, त्याला थांबलेलाच ऐकू येतो. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला खटखटाटच ऐकू येणार.

'कन' या शेपटीबद्दल एक सावधगिरी. धपकन, पचकन, टुणकन, धाडकन यांच्यात एक उडी असते आणि ती उडी गंभीर प्रसंगात फजितीसारखी दिसते. म्हातारा माणूस 'धपकन पडला' असं लिहिलं की त्याची कीव येण्याआधी हसू येतं. तिथं 'पडला' एवढंच लिहून पुढच्या वाक्यात काय आपटलं ते सांगा. यंत्राला, दाराला, स्विचला 'कन' चालतो. माणसाच्या अंगाला लावताना दहादा विचार करावा.

शब्दाचा दुसरा धंदा तपासा

आपले बरेचसे आवाजाचे शब्द दुसरीकडे नोकरी करतात. घरघर मोटारीची असतेच, पण घरघर लागणं म्हणजे शेवट जवळ आला. 'गिरण्यांना घरघर लागली' हे वाक्य सोलापुरात पेपरमधून इतक्यांदा वाचलेलं असतं की मोटारींची घरघर म्हटल्याबरोबर तो अर्थ मागून येतोच. खडखडाट म्हणजे आवाज आणि खडखडाट म्हणजे तिजोरी रिकामी. गडगडतं ते आभाळ आणि मार्केट यार्डात गडगडतो तो कांद्याचा भाव. फुस्स झालं म्हणजे फसलं. भुर्र म्हटलं की लहान मूल फिरायला निघालं. पिरपिर पावसाची आणि पिरपिर पोरांची. टकटक दारावर होते आणि माणूस टकटक बघतोही.

यावर दोनच रस्ते आहेत. दुसरा अर्थ नको असेल तर शब्द बदला: सुरळीत चाललेल्या, नव्या मोटारीला घरघर लावू नका, 'मोटारीचा एकसुरी आवाज' किंवा 'मोटार गुणगुणत होती' चालेल. आणि दुसरा अर्थ हवाच असेल तर तो शब्द एकदाच, साध्या वाक्यात ठेवा आणि त्याच्याकडे बोट दाखवू नका. उदाहरणार्थ माग विकायला काढलेल्या कारखानदाराच्या घरात रात्री एकच माग चालू आहे आणि 'शेडमधून घरघर येत होती' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला दोन्ही कळतं. पुढं 'जणू धंद्यालाच घरघर लागली होती' जोडलं की सगळं ओतून टाकलं.

हसू येण्याचं मोठं कारण इथंच आहे असं मला वाटतं. शब्द मोठा म्हणून हसू येतं असं नाही, त्या शब्दाची लहानपणची किंवा चेष्टेतली नोकरी वाचणाऱ्याला आठवते म्हणून येतं. पों पों, पीं पीं, छुक छुक, टिंग टिंग हे आपण लहान मुलांशी बोलताना वापरतो. मोठ्यांच्या कथेत त्यांना आणायचं तर पात्र लहान मूल असावं किंवा लहान मुलाशी बोलत असावं.

ट्रॅफिकमध्ये हॉर्न सोडून बाकीचं ऐका

सोलापुरात सात रस्ता चौकात संध्याकाळी उभं राहून ट्रॅफिक लिहायला बसलं की प्रत्येक जण हॉर्नपासून सुरू करतो, आणि हॉर्नची नक्कल मराठीत बालिशच होते, त्याला इलाज नाही. हॉर्नसाठी आवाजाचा शब्द सोडून द्या, त्याऐवजी तो किती वेळ वाजला आणि कुणी वाजवला ते लिहा. 'मागच्याने हॉर्न दाबून धरला', 'दोनदा हलकासा दिला, ओळखीचा असावा.' यात रागही कळतो आणि नातंही.

आवाजाचे शब्द ठेवा त्या गोष्टींसाठी ज्यांच्याकडे लक्ष जात नाही. थांब्यावर एसटी थांबली की ब्रेकची हवा सुटते, तिथं फस्स. फुस्स लिहिलं की बस फसली, फक्त उकार काढल्याने वाचतं. गतिरोधकावरून रिकामा टेम्पो गेला की मागचा फाळका आपटतो, तो खड, कारण ढिला आहे. तोच टेम्पो माल भरून गेला तर फाळका आपटत नाही, खालचे स्प्रिंगचे पाटे करकरतात. म्हणजे टेम्पो रिकामा की भरलेला हे न सांगता सांगता येतं.

साखर कारखाने चालू झाले की विजापूर रोडला, होटगी रोडला उसाचे ट्रॅक्टर दिसतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या. लोक ट्रॅक्टरला 'धडधड' लिहितात, किंवा त्याच्यावरच्या गाण्याबद्दल लिहितात, पण सिग्नलला तो थांबतो तेव्हाचं ऐकण्यासारखं आहे. ट्रॅक्टर थांबतो, पहिली ट्रॉली त्याला येऊन टेकते, मग दुसरी पहिलीला. जोडणीची पिन तिच्या भोकात सैल असते म्हणून दोनदा आवाज होतो, जाड लोखंडाचा, थोडा घुमणारा, थोड्या अंतराने. सुटताना पुन्हा दोनदा, पण आता ओढ लागल्याचा. 'खण' इथं बारीक पडतो, तो भांड्याचा शब्द आहे. 'धाड' मोठा आणि त्यात ण नाही, म्हणजे लोखंड नाही. अशा वेळी नवीन शब्द घडवावा लागतो, तर तेही बघून घेऊ.

नवीन शब्द घडवायचा तर एकच अक्षर हलवा

ओळखीच्या शब्दापासून फक्त एक पाऊल. खण मधला ख जड करायचा तर घण होतो, आणि घण म्हणजे लोहाराचा घण हे वाचणाऱ्याला आधीच माहीत आहे, म्हणून 'घण्ण' लिहिलं तर त्याला सांगावं लागत नाही की जाड लोखंड आहे. 'ट्रॅक्टर थांबला, मागून घण्ण झालं, आणि जरा वेळाने अजून मागे घण्ण.' बस. 'घडांग्ण' किंवा 'ठणांगडण' लिहिलं की दोन-तीन पावलं एकदम टाकली, वाचणारा शब्द उच्चारायला थांबतो आणि थांबला की हसतो.

घडवलेला शब्द मोठ्याने म्हणून बघा. जीभ अडखळली तर तो मराठी नाही. आणि असा शब्द एका गोष्टीत एकच पुरे, दुसरा आला की वाचणाऱ्याचं लक्ष गोष्टीवरून उठून तुमच्या कारागिरीवर जातं. सोलापुरात तेलुगू, कन्नड बोलणारी घरं आहेत, त्यांच्याकडेही असे जोडशब्द भरपूर आहेत, कन्नडमध्ये वाहत्या पाण्याला जुळुजुळु म्हणतात. पात्र त्या घरातलं असेल तर त्याच्या तोंडी तो शब्द छान बसेल. निवेदन मराठी आहे आणि पात्राचा संबंध नाही, तिथं उगाच नको.

आता पॅराग्राफ पुन्हा

सुरुवातीच्या चार ओळींत पाच आवाजाचे शब्द होते. कारणं लिहून झाल्यावर आपल्याला काय कळलं? दारात ठोके ऐकू येत नाहीत. जवळ गेल्यावर तीन मार आहेत. मोटारीची घरघर नको, कारण हा कारखाना चालू आहे, मरायला टेकलेला नाही. रिक्षांचे हॉर्न एवढ्या आवाजात आत ऐकू येणंच शक्य नाही, ते काढले. आणि पाऊस? तोही आत ऐकू येणार नाही. मग पाऊस ऐकू कधी येईल? लाईट गेल्यावर. इथं गोष्टच बदलते, बघा:

"दारात उभं असताना माग वेगवेगळे ऐकू येत नव्हते. एकच दणदण होती आणि ती कानाच्या आधी तळपायाला कळत होती. पहिल्या मागापाशी गेलो तेव्हा तो सुटा झाला. धोटा इकडून ठक् सुटायचा, तिकडे खट् अडायचा, आणि लगेच फणी. ठक्, खट्, फणी. काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर मामांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग लाईट गेली. एकेक माग थांबत गेला, कोपऱ्यातला सगळ्यात शेवटी. तेव्हा वर पत्र्यावर तडतड ऐकू आली. पाऊस बराच वेळ चालू असणार, कारण दाराबाहेर पाणी वाहायला लागलं होतं."

यात काय केलंय ते सांगतो. दणदण हा नाम म्हणून आलाय आणि त्याला लगेच तळपाय दिलाय, म्हणून तो कानात वाजण्याआधी अंगाला लागतो. धोट्याचे दोन मार ठ आणि ख ने वेगळे केलेत, आणि तिसऱ्याला मुद्दाम आवाजाचा शब्द दिला नाही, त्याच्या जागी वस्तूचं नावच ठेवलं. 'ठक्, खट्, ठप्' लिहिलं असतं तर बडबडगीत परत आलं असतं, 'फणी'मुळं ताल राहिला पण ओळीत पाय रोवले गेले. ओठांकडे बघणं ही आवाज किती मोठा आहे याची खूण, कर्णकर्कश वगैरे विशेषणाची गरज पडली नाही. आणि तडतड हा शब्द तर अगदी रोजचा आहे, त्यात नवीन काहीच नाही, तो ताजा वाटतो कारण त्याच्या आधी जागा रिकामी केलीय. थेंब मोजता येण्याची वेळ निघून गेलेली आहे म्हणून टण नाही घेतला, आणि ऐकणाऱ्याला त्याचा त्रास नाही म्हणून तडतडाटही नाही.

तुमचं लिहून झालं की आवाजाच्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. तीन रेघा शेजारी शेजारी आल्या तर एक शब्द जायलाच पाहिजे, जो वस्तूच्या नावाने किंवा परिणामाने भागतो तो. मग दुसऱ्या कुणालातरी मोठ्याने वाचायला द्या, स्वतः वाचू नका, स्वतः वाचताना आपण शब्दाला हवा तसा आवाज देतो. वाचणारा ज्या शब्दावर नाटकी आवाज काढेल तो शब्द बदला.

राहिलं लिहिण्याचं. 'कन' मुळाला जोडून, खटकन, असा लिहायचा, मधे जागा सोडायची नाही. खटखट सलग. एकच तुटक ठोका हवा असेल तर पाय मोडून खट् लिहा, पाय मोडला की वाचणारा तिथं आपोआप तोडतो. लांबवायचं असेल तर खटटटट किंवा धाडडड अशी अक्षरं वाढवू नका, चॅटमध्ये ठीक आहे, गोष्टीत ते कॉमिकचं चित्र होतं. त्याऐवजी जोडाक्षर वापरा, सर्र, भर्र, घण्ण, ते मराठी डोळ्याला सवयीचं आहे. आणि आवाजाच्या शब्दापुढचं उद्गारचिन्ह काढून तिथं साधा पूर्णविराम टाकून बघा.